पट्टा पडण्याआधी लिहायचा परिच्छेद

(कोल्हापुरात पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आपल्या जिल्ह्यातली एक चाचणी कल्पनेत उभी करू. ऊसतोडीला आलेल्या आणि रक्तदाब असलेल्या मजुरांचे यादृच्छिक वाटणीने दोन गट पाडायचे. एका गटाकडे आशाताई खोपीवर जाऊन गोळ्यांची चौकशी करणार, दुसऱ्याला नेहमीचा दवाखाना. सुरुवात नोव्हेंबरात, आणि चार महिन्यांनी वरचा रक्तदाब मोजायचा.

आराखड्यात बहुतेक जण लिहितात, 'योग्य संख्याशास्त्रीय पद्धती वापरल्या जातील.' या वाक्यात कुठलंही मॉडेल बसतं. मग आकडे हाती आले की त्यातलं सोयीचं निवडलं जातं. म्हणून पहिला मजूर नोंदवण्याआधी मॉडेल असं उघड लिहा:

```
sbp4 ~ arm + sbp0 + karkhana
```

`arm` चा सहगुणक म्हणजे दोन गटांतला सरासरी फरक. तो ९५ टक्के विश्वासांतरासह द्यायचा. `sbp0` हा सुरुवातीचा रक्तदाब. त्याचा चौथ्या महिन्याच्या रक्तदाबाशी सहसंबंध ०.६ असेल, तर उरलेलं विचरण सुमारे ३६ टक्क्यांनी घटतं. म्हणजे तेवढ्याच माणसांत फरक अधिक नेमका कळतो. `karkhana` घ्यायचा, कारण वाटणीच कारखानावार केली आहे. सुरुवातीच्या तक्त्यात पी-व्हॅल्यू पाहून सहचल निवडू नका. वाटणी नीट झाली असेल तर तिथला फरक योगायोगाचाच असतो, त्याची परीक्षा कशाला?

आता खरी अडचण. मार्चमध्ये एखाद्या कारखान्याचा पट्टा लवकर पडतो, टोळी गावी निघून जाते आणि शेवटचं मोजमाप राहतं. इथे शेवटचा आकडा पुढे ओढायची जुनी सवय घात करते. १६० वर नोंदलेला माणूस दुसऱ्या महिन्यात गेला, तर चौथ्या महिन्यातही तो होता तिथेच राहिला असं आपण ठरवून टाकतो. त्यात एका गटातून जास्त माणसं गेली, तर तुलनाच वाकडी होते.

त्याऐवजी लिहा: प्रत्येक गटात स्वतंत्रपणे, सुरुवातीचा व मधल्या महिन्यांचा रक्तदाब आणि कारखाना वापरून गाळलेले आकडे ५० वेळा भरू, आणि रुबिनच्या नियमांनी ५० उत्तरं एकत्र करू. यामागचं गृहीतक असं, की या नोंदी सारख्या असतील तर गेलेला आणि राहिलेला यांच्या रक्तदाबात फरक नसतो. पट्टा पडून गेलेल्यांबाबत मला ते पटतं, कारण तारीख कारखाना ठरवतो. पण गोळ्यांनी चक्कर येते म्हणून ज्याने आशाताईंना टाळलं, त्याच्याबाबत ते डळमळतं. आणि हे गृहीतक हातातल्या आकड्यांवरून तपासता येत नाही.

म्हणून परिच्छेदाचं शेवटचं वाक्य त्याच माणसासाठी: आशाताईंच्या गटातल्या भरलेल्या आकड्यांत २, ४, ६ असे मिलिमीटर वाढवत जाऊ आणि निष्कर्ष कुठे उलटतो ते छापू. २ वरच उलटला, तर निकाल न मोजलेल्या माणसांवर उभा आहे. १५ पर्यंत टिकला, तर गळती त्याला सहज हलवणार नाही.