हळद, बेदाणा आणि 31 मार्च

(दृश्य: सांगलीचे मार्केट यार्ड, हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या)

मार्च अखेर. नवी हळद बाजारात येतेय आणि गोदामात आधी घेतलेला माल अजून पडून आहे. आज रात्री हिशेबाचे वर्ष संपेल. या न विकलेल्या मालाची किंमत वहीत किती धरायची, यावर व्यापाऱ्याला यंदा नफा झाला की नाही हे बरेचसे ठरते. कारण शिल्लक माल व्यापारी खात्याच्या जमेच्या बाजूला येतो. तो एक लाखाने फुगवला, की नफाही एक लाखाने फुगतो. त्यासाठी एक पोतंही विकावं लागत नाही.

म्हणून नियम आहे. भारतीय लेखा मानक 2 सांगते: मूळ खर्च आणि निव्वळ वसुली मूल्य, यांपैकी जे कमी असेल ते धरा.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. एका व्यापाऱ्याकडे 200 क्विंटल राजापुरी हळद आहे. खरेदी, हमाली, तोलाई आणि गोदामापर्यंतचं गाडीभाडं धरून ती क्विंटलला 12,000 रुपयांना पडली. एकूण 24 लाख. आता भाव उतरलाय. नेहमीच्या व्यवहारात ती 11,500 ने जाईल आणि विकताना दलाली, भराईचे 300 जातील. हातात येणार 11,200. हेच निव्वळ वसुली मूल्य. 200 क्विंटलचे झाले 22 लाख 40 हजार.

त्याच व्यापाऱ्याचा 10 टन बेदाणाही शिल्लक आहे. तो 14 लाखांना पडलाय आणि विक्रीचा खर्च वजा जाता त्याचे 17 लाख येतील.

(दृश्य: खातेवहीचे पान, दोन ओळी)

इथे एक मोह होतो. दोन्ही माल एकत्र केले तर मूळ खर्च 38 लाख आणि वसुली 39 लाख 40 हजार. कमी आकडा 38 लाख, म्हणजे तोटा दिसतच नाही! बेदाण्याच्या न झालेल्या नफ्याने हळदीचा तोटा झाकला. म्हणून तुलना प्रत्येक मालाची वेगळी करायची. एकाच जातीचे, एकाच उपयोगाचे माल फार तर एका गटात घेता येतात. हळद आणि बेदाणा नाही. हळद 22 लाख 40 हजार, बेदाणा 14 लाख. एकूण 36 लाख 40 हजार. हळदीचा 1 लाख 60 हजारांचा तोटा याच वर्षी सोसायचा.

मग बेदाण्याचे वाढलेले तीन लाख का नाही धरायचे? हा प्रश्न रास्त आहे, आणि नियमातला सावधपणा इथेच आहे. ते तीन लाख अजून कुणी दिलेले नाहीत. पण एकदा नफा म्हणून लिहिले, की भागीदार त्यातून उचल करतात, बँक त्या साठ्यावर कर्ज देते. उद्या भाव पडला तर उचललेले पैसे परत येत नाहीत. तोटा आधी लिहिला आणि तो झाला नाही, तर फार तर नफा एक वर्ष उशिरा दिसतो. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही.

1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चैनरूप संपतराम खटल्यात हेच मांडले. प्रकरण चांदीच्या व्यापाऱ्यांचे होते. शिल्लक मालाची नोंद नफा निर्माण करण्यासाठी नसते. न विकलेल्या मालाचा खर्च त्या वर्षीच्या हिशेबातून बाजूला काढण्यासाठी असते. संभाव्य तोटा धरता येतो, संभाव्य नफा नाही.

पण सावधपणाच्या नावाखाली वाटेल तेवढी किंमत पाडणे हीसुद्धा खोटी वहीच. चांगल्या वर्षी साठा कमी दाखवून नफा दडवायचा आणि वाईट वर्षी तो बाहेर काढायचा, हे लेखापरीक्षक पकडू शकतो. तो एप्रिलमधली विक्रीची बिलं मागतो. 11,200 धरलेली हळद पहिल्या आठवड्यात 12,400 ने गेली असेल, तर तो विचारणारच. अर्थात एप्रिलमध्ये नव्याने काही घडून भाव हलला असेल, तर त्यावरून 31 मार्चची किंमत बदलत नाही.

(दृश्य: हळद दळणारी गिरणी)

हीच हळद गिरणीवाल्याकडे असेल तर उत्तर बदलते. त्याला हळकुंड विकायचेच नाही. हळकुंडाचा भाव पडला, तरी त्याची पूड तिच्या पूर्ण खर्चाइतक्या किंवा जास्त किमतीला विकली जाणार असेल, तर हळकुंड 12,000 वरच राहते. पुडीतच तोटा येणार असेल, तरच किंमत उतरवायची.

पुढच्या मार्चला व्यापाऱ्याकडे त्यातली काही पोती उरली, तर तुलना पुन्हा नव्याने होईल. समजा खर्च जाऊन 12,800 सुटणार आहेत. तेव्हा किंमत 11,200 वरून वर येईल, पण 12,000 वर थांबेल. उरलेले 800 विक्रीचे बिल फाटेल तेव्हाच नफ्यात येतील.