साधा ठराव, पण चौदा दिवस आधी

बसा बसा, पुढे या, पहिली रांग रिकामी ठेवायची पुण्यात काय प्रथा आहे कळत नाही. विषय पत्रिकेवर छापलाय तोच आहे, डायरेक्टरला मुदतीआधी कसं काढायचं, पण आधी एक तक्रार.

दर काही महिन्यांनी भोसरी नाहीतर चाकणकडचं कोणीतरी फाइल घेऊन येतं, चेहऱ्यावर विजयी भाव, आणि म्हणतं सर काल बोर्ड मीटिंग घेतली, तिघांपैकी दोघांनी सही केली, त्याला काढला, आता तुम्ही फक्त फॉर्म भरा. अहो कोणी काढला? बोर्डाला तो अधिकारच नाही! बोर्ड चेअरमनपद काढून घेऊ शकतं, एमडीचं काम काढून घेऊ शकतं, पण डायरेक्टर म्हणून घरी पाठवणं हे शेअरहोल्डरांचं काम, तेही सभेत. टाटा सन्सचं आठवा. सायरस मिस्त्रींना 24 ऑक्टोबर 2016 ला बोर्डाने चेअरमनपदावरून हटवलं, दुसऱ्या दिवशी सगळीकडे ‘हकालपट्टी’, पण ते डायरेक्टर होतेच की! त्यासाठी 6 फेब्रुवारी 2017 ला शेअरहोल्डरांची विशेष सभा, म्हणजे ईजीएम, घ्यावी लागली. टाटांनाही शॉर्टकट नव्हता तर तुमच्या शेडमध्ये कुठून येणार? आणि त्याहून भारी लोक म्हणजे जे त्याच्या नावाने राजीनामाच टाइप करतात. त्यांच्याशी मी बोलत नाही, त्यांना वकील लागतो, माझ्यासारखा कंपनी सेक्रेटरी नाही.

ही चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतायत. बरं.

कंपनी कायदा 2013, कलम 169. ठराव साधा, म्हणजे बाजूची मतं विरोधी मतांपेक्षा जास्त पडली की झालं, पंचाहत्तर टक्के वगैरे नको. पण त्याला कलम 115 ची स्पेशल नोटीस लागते, आणि लोक इथेच आपटतात. नोटीस लावायला पुणेकरांना शिकवावं लागत नाही, पण जिन्यातली पाटी लगेच लागू होते, ही होत नाही.

समजा तीन भाऊ, थोरल्याकडे 40 टक्के शेअर, मधल्याकडे 35, धाकट्याकडे 25, तिघंही डायरेक्टर, आणि धाकट्या दोघांना थोरला नकोय. वार्षिक सभा, म्हणजे एजीएम, 30 सप्टेंबरला, तिची नोटीस आधीच गेलेली. एक टक्का मतं किंवा पाच लाख रुपये भरणा झालेले शेअर असले की स्पेशल नोटीस देता येते, म्हणजे मधला एकटाही देऊ शकतो. ती सभेआधी किमान चौदा दिवस कंपनीकडे हवी, आणि यात नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचाही नाही. म्हणजे 15 सप्टेंबर शेवटचा. 16 ला दिली तर तेरा दिवस भरतात आणि थोरल्याचा वकील जेवण सोडून धावत येतो. खूप आधीही देऊन ठेवता येत नाही, तीन महिन्यांच्या आतलीच हवी. मग कंपनीने सभासदांना किमान सात दिवस आधी कळवायचं, तसंच मोजून, म्हणजे 22 पर्यंत.

नोटिशीत आरोपांची यादी लिहायलाच पाहिजे असं नाही, सुप्रीम कोर्टाने 1986 साली एलआयसी विरुद्ध एस्कॉर्ट्समध्ये सांगितलंय की सभा मागणाऱ्या शेअरहोल्डरला कारणं द्यायचं बंधन नाही. पण नोटीस आली की तिची प्रत थोरल्याला लगेच पाठवा, हे विसरतात! त्याला लेखी म्हणणं मांडता येतं, ते सभासदांना पाठवायचं, वेळ नसेल तर त्याने सांगितल्यास सभेत वाचायचं, शिवाय तो स्वतः बोलू शकतो, एकही शेअर नसला तरी. म्हणूनच हा ठराव पोस्टल बॅलटने होत नाही, कारण टपालाने कोणाचं ऐकून घेणार?

आणि हो, थोरला स्वतःला काढायच्या ठरावावरही मत देऊ शकतो, सभासद आहे ना तो. इथे 60 विरुद्ध 40, गेला. पण त्याच्याकडे 50 असते तर बरोबरी, आणि चेअरमन तोच असून कंपनीच्या नियमावलीने, म्हणजे आर्टिकल्सनी, त्याला बरोबरीत जादा मत, कास्टिंग व्होट, दिलेलं असेल तर विसरा.

एजीएम लांब असेल तर दहा टक्के मतांवर ईजीएम मागा. बोर्डाने 21 दिवसांत बोलवायला घ्यायची आणि मागणीपासून 45 दिवसांच्या आत ती व्हायला हवी, नाही केली तर मागणाऱ्यांनी स्वतः, तीन महिन्यांच्या आत.

अपवाद पटकन: कंपनी लॉ ट्रिब्युनलने नेमलेला डायरेक्टर असा काढता येत नाही, आणि दुसऱ्या टर्मच्या स्वतंत्र डायरेक्टरला विशेष ठराव लागतो, तोच पंचाहत्तर टक्क्यांचा. जागी कोणाला त्याच सभेत घ्यायचं असेल तर त्याचीही स्पेशल नोटीस, आणि काढलेल्यालाच बोर्डाने मागच्या दाराने परत आणायचं नाही. बदल कळवायचा फॉर्म डीआयआर-12 तीस दिवसांत भरायचा. थोरल्याशी पगाराचा करार असेल तर त्याची भरपाई तो मागू शकतो, कलम 169 ते हिरावत नाही, त्यामुळे सभेआधी तो करार एकदा काढून वाचा. प्रश्न असतील तर खाली पार्किंगमध्ये विचारा, हॉल रिकामा करायचाय.