झिजणारं यंत्र आणि बिघडणारं यंत्र

मंडळी, फ्रिजचं बिल होत असताना काउंटरवरचा मुलगा विचारतोच, "एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू का?" आणि आरओ बसवून वर्ष झालं की वर्षभराच्या देखभाल करारासाठी फोन येतो, "एएमसी घ्या." पैसे भरताना आपण दोन्हींना एकाच माळेचे मणी समजतो. मी आधी एवढंच पाहतो, की हे यंत्र झिजतं की बिघडतं?

आरओ झिजतो. सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर वर्षभरात बदलावेच लागतात, पाण्यातले क्षार अडवणारा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, साधारण दोन-तीन वर्षांनी. वाढीव वॉरंटीत हे झिजणारे भाग बहुधा नसतातच, म्हणून इथे एएमसीचा विचार करायचा.

माझ्या घरी दोन प्रस्ताव आले. साधी एएमसी १,८०० रुपयांना, तीत फक्त भेटी आणि साफसफाई. पूर्ण एएमसी ४,२०० ला, तीत फिल्टर, मेम्ब्रेन आणि पंपही. मी जुनी बिलं काढली. फिल्टर १,४००, मेम्ब्रेन २,४००, भेटीचे ५००, म्हणजे ४,३००. मेम्ब्रेन बदलायच्या वर्षी पूर्ण करार जेमतेम बरोबरीत येतो, वर पंपाची काळजी मिटते. एरवीच्या वर्षी सुट्या खर्चात १,९०० मध्ये काम होतं. आणि साधी एएमसी? १,८०० भरूनही फिल्टरचे पैसे वेगळेच!

आता मेम्ब्रेनची वेळ आली हे कसं कळणार? पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, काही शे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या. नवी मेम्ब्रेन बसेल त्या दिवशी नळाचं आणि आरओचं, दोन्ही पाणी मोजून आकडे लिहून ठेवा. माझ्याकडे ६०० चे ६० होत होते. नळाचं पाणी तेवढंच असताना आरओचं १५० वर गेलं, तेव्हा मी पूर्ण करार घेतला. मात्र 'टीडीएस कंट्रोलर' असेल तर त्यात थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका. आणि 'मेम्ब्रेन समाविष्ट' हे करारावर लिहून घ्या, तंत्रज्ञाच्या तोंडी शब्दावर नको.

फ्रिजचं उलट. तो वर्षानुवर्षं मुकाट चालतो आणि एक दिवस आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, म्हणजे पीसीबी, जातो किंवा गॅस गळतो. दारावर '१० वर्षं वॉरंटी' असं स्टिकर असतं, पण ती बहुतेक वेळा एकट्या कॉम्प्रेसरची. तेव्हा वाढीव वॉरंटीत पीसीबी, गॅस भरणं आणि मजुरी आहे का, एवढं विचारा. दाराचं रबर आणि ट्रे सहसा नसतातच. कागदावर नाव कंपनीचं की दुकानाचं, तेही बघा. दुकान बंद झालं तर दाद कोणाकडे मागणार? ही मुदत बहुधा मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते. बऱ्याच कंपन्या ती मधल्या काळातही विकतात, म्हणून काउंटरवर घाई नको.

मागून कोणीतरी मिक्सरचं विचारताय ना? कार्बन ब्रश आणि भांड्याखालचा कपलर, दोन्ही स्वस्त आणि दोन्ही झिजणारे. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला पुरे.