पहिल्या दोन दिवसांतला निरोप

मंडळी, सुरुवात एका चुकीनं करते, आणि ती माझीच आहे. काही वर्षांपूर्वी फोंड्याजवळ आमच्या वाड्यावर शेजारचे काका रात्री अकराच्या सुमारास घरातच गेले. मी धावत गेले, काकीला बसवलं, घरी आले आणि साडेअकराला वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली. त्या ग्रुपवर त्यांचा दुबईतला मुलगाही होता. त्याला कोणी आणि कसं सांगायचं, हे आतल्या खोलीत अजून ठरत होतं. बाप गेल्याचं त्याला माझ्या हात जोडलेल्या चित्रावरून कळलं.

किती वेळात मेसेज करावा, असं लोक मला विचारतात. तो वेळ आपल्याला बातमी कळल्यापासून मोजायचा नाही, घरच्यांनी ती सांगितल्यापासून मोजायचा. मुलानं किंवा सुनेनं स्वतः कळवलं असेल तर तासाभरात दोन ओळी जरूर पाठवा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. ती माणसं झोपलेली नसतातच. बातमी तिसऱ्याकडून आली असेल तर थांबा. अंत्यसंस्काराची वेळ घरच्यांकडून बाहेर आली, की जवळच्यांना कळवून झालं असं बहुधा धरता येतं. ख्रिश्चन शेजाऱ्यांकडेही तेच: चर्चमधल्या प्रार्थनेची वेळ ठरली की मग आपण बोलावं. आणि निरोप त्या माणसाला थेट, ग्रुपवर नाही.

फोन मात्र पहिल्या रात्री करू नका. माणूस घरी गेला असेल तर आधी डॉक्टर आणून मृत्यूचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मग शववाहिका, भटजी, स्मशानातली लाकडं, आणि मुलगा परदेशात असेल तर तो येईपर्यंत देह शवागारात ठेवायचा की नाही, हा सगळ्यात अवघड प्रश्न. हे सगळं त्याच एका फोनवरून चालू असतं. मध्येच आपला फोन गेला आणि आपण ‘कशें जालें?’ विचारलं, की त्या माणसाला तीच हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. मेसेज तसा कोणाला अडवत नाही. सवड होईल तेव्हा वाचतात.

लिहायचं काय? इथं आपल्या गोव्याची एक गंमत आहे. गंमत म्हणू नये खरं तर. आपण घरात बोलतो कोंकणी आणि माणूस गेला की लिहितो वर्तमानपत्रातलं मराठी: ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’ पेपरातल्या चौकटीत ते शोभतं, कारण ते चार गावांसाठी असतं. श्रद्धांजली तर गेलेल्या माणसाला वाहायची असते. ती मुलाला पाठवून काय उपयोग? त्याच्याशी ज्या भाषेत रोज बोलता, त्याच भाषेत लिहा. ‘बापू गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. जाप दिवपाची गरज ना. सकाळी येते.’ बस. ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य गाळा, कारण काय लागेल याचा विचार करायचं काम आपण त्याच्याच डोक्यावर टाकतो. वय झालंच होतं, सुटले बिचारे, हे तर घरच्यांनी म्हणायचं, आपण नाही.

दुसऱ्या दिवसाचा मेसेज वेगळा. दहन झालेलं असतं, गर्दी ओसरलेली असते आणि घरात चूल पेटलेली नसते. तेव्हा ‘जेवलात का?’ विचारण्यापेक्षा ‘साडेसातला पेज आणि चहाचा थर्मास पायरीवर ठेवते, आठ माणसांना पुरेल’ असं लिहावं. आकडा आणि वेळ असली की समोरच्याला फक्त ‘बरें’ म्हणावं लागतं. मृत्यूच्या नोंदीची, दाखल्याची आठवण त्या दिवशी करून देऊ नका. नोंदणीला 21 दिवस असतात. बँक, विमा यांचा विषय तर काढूच नये.

त्या दुबईच्या मुलाची माफी मागायला माझं बोट दुसऱ्याच दिवशी शिवशिवत होतं. मेसेज लिहूनही झाला होता. मग वाटलं, हा वाचून तो मलाच समजावत बसेल, ‘ताई, तू वाईट वाटून घेऊ नकोस’ म्हणत. बाप जाळून आलेल्या माणसाला हे काम कशाला? मी तो पुसला आणि पेज नेऊन ठेवली. बोलले ते सुतक फिटल्यावर, अंगणात. त्यानं ऐकून घेतलं. ‘आसूं दी, ताई,’ म्हणाला, आणि आत जाऊन माझं पेजेचं भांडं घासून ठेवलेलं होतं ते आणून दिलं.