मुंजीत मामाने द्यावे असे काही

श्रोतेहो, नमस्कार. भाच्याची मुंज ठरली की मामापुढे एकच प्रश्न उभा राहतो: आहेर काय करावा? भिकबाळी झाली, चांदीचे ताट-वाटी झाले. पण ती बँकेच्या लॉकरमध्ये जातात आणि मुलगा त्यांना पुन्हा लग्नातच पाहतो. रेशमी सोवळे द्यावे, तर आठ वर्षांच्या मुलाला ते दोन वर्षांत आखूड होते. त्यामुळे मी प्रत्येक मामाला एकच गोष्ट सुचवतो, ती म्हणजे संध्येची तांब्याची उपकरणी: पळी, पंचपात्र आणि ताम्हण. मात्र ती मुलाच्या हाताला बेताची असावीत. हे ‘हाताला बेताची’ म्हणजे काय, ते मी माझ्या फजितीतून शिकलो.

ताईच्या मोठ्या मुलाची मुंज होती. मी दुकानातून आरशासारखा चकाकणारा संच आणला. पळीच्या दांड्याला नागाचा फणा होता, पंचपात्रावर नक्षी होती आणि सगळे मखमली पेटीत बसवलेले होते. मंडपात गुरुजींनी बटूला आचमन शिकवायला घेतले. डाव्या हातात पळी धरायची, उजवा तळवा गाईच्या कानासारखा किंचित वळवायचा आणि त्यात पाणी घ्यायचे. केशव, नारायण, माधव या तीन नावांनी ते प्यायचे आणि गोविंद म्हणताना चौथ्या पळीचे पाणी हातावरून ताम्हणात सोडायचे. मुलाने पहिलीच पळी तळव्यात ओतली आणि निम्मे पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळून सोवळ्यात उतरले. दुसऱ्या वेळी त्याने पळी पंचपात्रात परत ठेवली, तर दांड्याच्या भाराने पंचपात्रच कलंडले. वऱ्हाडी हसले, बटू रडवेला झाला. गुरुजी मात्र शांतपणे म्हणाले, “मामा, आचमनाला उडदाचा दाणा बुडेल एवढेच पाणी लागते. ही पळी अभिषेकाची आहे.”

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला घेऊन पुण्याच्या तांबट आळीत गेलो. तेथल्या वृद्ध कारागिरांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी मुलाचा तळवा उघडायला लावला, एका लहान पळीने त्यात पाणी ओतले आणि ते तळव्याच्या खळग्यात मावले तेव्हाच ती पळी बाजूला काढली. तिच्यात चहाचा अर्धा चमचा पाणी जेमतेम मावत असेल. मग त्यांनी ती पळी एका रिकाम्या पंचपात्रात उभी केली आणि बोटाने दांडा हलवला. भांडे डगमगले नाही. भांडे भरलेले असताना पाण्याच्या वजनाने कोणतेही पंचपात्र उभे राहते, म्हणून परीक्षा रिकाम्याचीच घ्यायची, असे ते म्हणाले. ताम्हण त्यांनी काठाला बोटाच्या पेराएवढी खोली असलेले निवडले, कारण सपाट ताटलीत सोडलेले पाणी उडून आसन भिजते. शेवटी माझ्या जुन्या पळीला त्यांनी लोहचुंबक लावले. ते चिकटले! आत लोखंड होते आणि वर तांब्याचा नुसता मुलामा.

तेव्हा श्रोतेहो, पुन्हा सांगतो: पळी लहान, पंचपात्र बुडाशी जड, ताम्हण खोल. खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवावे आणि शक्यतो मुलाला बरोबर न्यावे. पळीचा दांडा वाटीला जोडलेला असेल, तर तो सांधा हलवून पाहावा. ठोके देऊन मठारलेले भांडे मिळाले तर अधिक चांगले, कारण ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांड्याला सहज पोचे येत नाहीत. नाव घालायचे असल्यास ते बुडाला घालावे. (दर्शनी भागावर मामाचे स्वतःचे नाव ठळक कोरण्याची हौस मला कधीच समजलेली नाही, आहेर हा काही कोनशिलेचा समारंभ नव्हे.)

तांबे काळवंडते, ही तक्रार ताईने पंधरवड्यातच केली. चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाच्या सालीला मीठ लावून घासले की ते उजळते, आणि हे काम मुलानेच करावे. घासून झाल्यावर भांडे कोरडे पुसले नाही, तर पाण्याचे डाग उमटतात. ताकाला, दह्याला आणि पंचामृताला मात्र हे पंचपात्र वापरू नये. आंबट पदार्थ तांब्यात कळकतो आणि तो पोटात जाणे बरे नाही.

तो भाचा आता वसतिगृहात राहतो. ताम्हण त्याने घरीच ठेवले, पळी-पंचपात्र तेवढे बरोबर नेले. तळवा मोठा झाल्यामुळे आता पळी लहान पडते, अशी त्याची कुरकुर असते. मखमली पेटीतली ती जुनी पळी ताई तुळशीला पाणी घालायला वापरते, आणि मी तिच्या घरी गेलो की ती मला दिसेल अशा जागी मुद्दाम ठेवते.