रोजचे 88 रुपये 77 पैसे

(फोंडा इथे लहान उद्योजकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जून उजाडला की आपल्याकडच्या लहान धंदेवाल्याच्या मागे दोन कटकटी हमखास लागतात. शेडचं छप्पर गळतं आणि हॉटेलांची पेमेंटं थांबतात. पुढे चवथ असते, कामगार आगाऊ मागायला लागतात. अशाच एका जूनमध्ये कुंडईहून माझ्या एका अशिलाचा फोन आला. त्यांची लाँड्री आहे. किनारपट्टीवरच्या एका हॉटेलच्या चादरी, टॉवेल, पडदे धुऊन देतात. म्हणाले, "भाऊ, करारात व्याजाचं कलम आहे. पण ते लावलं तर गिऱ्हाईक जाणार, आणि नाही लावलं तर पैसे कधी येणार?"

मी आधी विचारलं, कलम नेमकं कुठे आहे? पुष्कळांचं ते बिलाच्या तळाला बारीक अक्षरांत छापलेलं असतं. त्याच्यावर भिस्त ठेवू नका. समोरचा सरळ म्हणतो, हे तुम्ही छापलंत, आम्ही कधी मान्य केलं? यांचं मात्र दोघांच्या सह्या असलेल्या दरकरारात होतं. कलम 9, देय तारखेनंतर दरसाल 18 टक्के सरळव्याज.

दुसरा प्रश्न, मालाबद्दल किंवा कामाबद्दल काही तक्रार बाकी आहे का? असेल तर आधी ती मिटवा. वादातल्या रकमेवर व्याज मागितलंत की उत्तरात पैसे येत नाहीत, डाग पडलेल्या चादरींचे फोटो येतात. यांच्याकडे पडद्यांची एक जुनी तक्रार होती, पण तिची क्रेडिट नोट आधीच दिलेली होती. म्हणजे वाट मोकळी.

त्यांनी स्वतः लिहिलेला मसुदा मला पाठवला. "वारंवार विनंती करूनही आपण दखल घेतली नाही, सबब नाइलाजाने व्याज आकारून कायदेशीर कारवाई करावी लागेल." पत्रात राग भरपूर, आकडा एकही नाही. आता हे पत्र वाचणार कोण? मालक नव्हे. वाचणार अकाउंट्समधला माणूस. त्याला तुमच्या रागाचं काय करायचं? त्याला मालकापुढे ठेवायला एक रक्कम आणि एक तारीख लागते. म्हणून आम्ही ते पत्र बाजूला ठेवलं आणि नवं लिहिलं. गेलं ते इंग्रजीत, मी इथे मराठीत सांगतो.

"बिल क्रमांक 112, दिनांक 10 एप्रिल, रक्कम 1,80,000 रुपये, देय तारीख 10 मे. आज 26 जूनपर्यंत 47 दिवस उलटले आहेत. कराराच्या कलम 9 प्रमाणे या दिवसांचं व्याज 4,172 रुपये होतं आणि ते रोज 88 रुपये 77 पैशांनी वाढतं. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात याची आम्हाला जाणीव आहे. पूर्ण मुद्दल 5 जुलैपर्यंत जमा झाल्यास या बिलापुरतं व्याज आम्ही घेणार नाही. पुढच्या बिलांना कलम 9 पूर्वीसारखंच लागू राहील. बिलाच्या मंजुरीत काही अडलं असल्यास कळवावं, लागतील ते कागद त्याच दिवशी पाठवू."

हिशेब साधा आहे. 1,80,000 च्या 18 टक्क्यांना 365 ने भागलं की रोजचे 88 रुपये 77 पैसे. दिवस देय तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचे, बिलाच्या तारखेपासून नाही. इथे एक महिना जरी जास्त धरलात तरी समोरचा अकाउंटंट तेवढीच चूक पकडतो आणि पुढचा पत्रव्यवहार त्या चुकीवरच होतो.

या पत्रातले दोन शब्द मी मुद्दाम घातले. एक "या बिलापुरतं". माझ्या अशिलाने आधीची चार वर्षं प्रत्येक वेळी फोनवर "असू दे, व्याज नको" म्हटलं होतं. असं तोंडी सोडत गेलात की एक दिवस समोरचा म्हणतो, हे कलम तुम्ही कधी वापरलंच नाही. सूट द्या, पण लिहून द्या आणि कुठल्या बिलाला दिली तेही लिहा. दुसरा शब्द "पूर्ण". त्याचा उपयोग आठवड्याभरातच झाला.

4 जुलैला एक लाख आले. सोबत हॉटेलच्या अकाउंटंटचा निरोप, उरलेले ऐंशी हजार दोन आठवड्यांत देतो. आता काय करायचं? अट तर पूर्ण मुद्दलाची होती, म्हणजे सगळं व्याज लावता आलं असतं. पण माणसाने मुदतीच्या आत अर्ध्याहून जास्त भरलेत, तेही न मागता तारीख सांगून. आम्ही लिहिलं की लाखावरचं व्याज सोडलं, ऐंशी हजारांवरचं मात्र 11 मेपासून चालू राहील. त्यांनी पैसे भरताना बिल क्रमांक टाकला होता, म्हणून ते पैसे आम्ही आधी व्याजात न वळवता मुद्दलातच जमा धरले. 18 जुलैला बाकी आली. 69 दिवस, रोजचे 39 रुपये 45 पैसे, म्हणजे 2,722 रुपये.

व्याजाची डेबिट नोट पहिल्या पत्रासोबत पाठवू नका. एका हाताने सूट देऊ करायची आणि दुसऱ्या हाताने नोट धाडायची, हे वाचणाऱ्याला खटकतं. शिवाय नोट वहीत चढली की सोडताना उलट नोंद करत बसावं लागतं. रक्कम नक्की झाल्यावरच काढा. आणि उशिराच्या व्याजावर जीएसटी लागतो हे बरेच जण विसरतात. मूळ सेवेला जो दर तोच व्याजाला, आणि कर भरायची वेळ येते ती व्याज प्रत्यक्ष हातात आल्यावर. सोडलेल्या व्याजावर काही नाही.

आता कोणीतरी विचारणारच, एमएसएमई कायदा कशाला आहे मग? आहे, आणि जबरदस्त आहे. 2006 च्या त्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी मुदत ठरली असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि ठरली नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. नाही मिळाले तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी असली तरी हा लाभ नाही, तेवढं लक्षात ठेवा. पण पहिल्याच पत्रात हे काढू नका. ज्या माणसाशी दर आठवड्याला व्यवहार आहे त्याच्याशी बोलताना दोघांच्या सहीचा करार पुरतो. कायद्याचं नाव घेतलंत की फाइल अकाउंट्समधून उठून वकिलाकडे जाते, आणि तिथून लवकर परत येत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत मात्र पत्राखाली उद्यम नोंदणी क्रमांक ठळक टाका, बस. बाकी त्यांचा सीए समजतो. आयकराच्या कलमात 1 एप्रिल 2024 पासून बदल झालाय. तुमचं बिल या मुदतीत भरलं नाही, तर त्यांना तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा करता येतो. मार्चअखेर त्यांच्याच फायद्याची गोष्ट होते.

लाँड्रीची डेबिट नोट गेली त्यानंतर हॉटेलमधून फोन आला. माझे अशील घाबरून फोन माझ्या हातात द्यायला निघाले होते. पलीकडून विचारणा एवढीच होती, नोटेवर आमचा जीएसटी नंबर चुकलाय, दुरुस्त करून पाठवाल का?