कपाटाच्या डोक्याशी एक उत्तर, पायाशी दुसरी

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, या सभागृहाच्या कोपऱ्यात पुस्तकांचं लोखंडी कपाट आहे, ते आज माझ्या कामाचं आहे. त्याआधी हे पाण्याचं घमेलं बघा. प्लास्टिकचं आहे, मुद्दाम. बुचाच्या चकतीवर चुंबक केलेली शिवणाची सुई ठेवून ती मधोमध सोडतो. फिरली, थोडी डुलली आणि उत्तर-दक्षिण धरून थांबली. पण ती थांबली कुठे ते पाहा. मध्येच आहे. उत्तरेकडच्या काठाकडे सरकलेली नाही.

उत्तर ध्रुव सुईला ओढतो असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. खरोखर ओढत असता, तर बूच त्या काठाला जाऊन चिकटलं असतं. रॉबर्ट नॉर्मन नावाच्या इंग्रज कारागिरानं १५८१ मध्ये हेच दाखवून दिलं होतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुईच्या एका टोकाला जेवढं उत्तरेकडे लोटतं, तेवढंच दुसऱ्या टोकाला दक्षिणेकडे लोटतं. दोन्ही जोर सारखे आणि उलटे, म्हणून सुई सरकत नाही, नुसती वळते. क्षेत्राच्या दिशेत आली की वळणंही थांबतं. तेव्हा सुई उत्तर ‘शोधते’ म्हणणं तसं सैलच आहे. ती जिथे आहे त्या जागी क्षेत्राची जी दिशा असेल, ती दाखवते. बस्स.

नाशिकला ही दिशा भौगोलिक उत्तरेपासून एका अंशाच्या आतच असते, त्या बाबतीत आपण सुखी आहोत. पण इथलं क्षेत्र जमिनीला समांतर नाही. ते उत्तरेकडे जाता जाता जमिनीत शिरतं, साधारण पंचवीस ते तीस अंशांनी. होकायंत्राच्या सुईच्या दक्षिण बाजूवर पितळेची बारीक तार गुंडाळलेली असते ना, ती उत्तर टोक खाली झुकू नये म्हणून. क्षेत्राचा आडवा भाग सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आणि खाली जाणारा उभा भाग त्याच्या जवळपास निम्मा. आडवा भाग सुई वळवतो. उभ्या भागाला सुईपाशी काही काम नसतं, पण कपाटापाशी असतं.

आता कपाटाकडे चला. होकायंत्र त्याच्या पश्चिमेला, कपाटाच्या डोक्याइतक्या उंचीवर धरतो. सुईचं उत्तर टोक कपाटाकडे, म्हणजे पूर्वेला वळलं. आता हात तसाच सरळ खाली आणतो. मध्यावर सुई जवळजवळ जागेवर आली. पायाशी आल्यावर बघा, उत्तर टोक कपाटापासून लांब, पश्चिमेला गेलं! कपाट तेच, होकायंत्र तेच, अंतरही तेच.

पृथ्वीच्या क्षेत्राचा उभा भाग या लोखंडातून वरून खाली जातो आणि त्यालाच चुंबक बनवतो. खालचं टोक उत्तर ध्रुव होतं, वरचं दक्षिण. म्हणून वरचं टोक सुईच्या उत्तर टोकाला जवळ घेतं आणि खालचं दूर लोटतं. घरी गेल्यावर गेटच्या लोखंडी खांबाशी करून बघा. एखादं कपाट मात्र उलटं वागेल, कारण पत्रा वाकवताना, ठोकताना, वेल्डिंग करताना त्यात कायमचं चुंबकत्वही शिरलेलं असतं आणि ते कुठल्याही दिशेचं असू शकतं.

दक्षिण गोलार्धात क्षेत्र जमिनीतून वर येतं, तेव्हा हाच खांब तिकडे उलटा वागतो. मॅथ्यू फ्लिंडर्स १८०१ ते १८०३ या काळात ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजत होता. इंग्लंडजवळ जहाजावरची सुई ज्या बाजूला चुकायची, त्याच्या उलट बाजूला ती दक्षिणेत चुकते, हे त्याच्या लक्षात आलं. जहाजातलं उभं लोखंड याला कारणीभूत आहे, हे त्यानं ओळखलं. होकायंत्राजवळ मुद्दाम लोखंडाचा उभा दांडा बसवून ही चूक खोडतात, त्या दांड्याला आजही त्याचंच नाव आहे.

चूक किती होते, तेही पाहू. समजा होकायंत्राच्या पूर्वेला वीतभर अंतरावर हातोडा पडलाय आणि त्याचं क्षेत्र तिथे साडेनऊ मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे पृथ्वीच्या आडव्या भागाच्या पाव. काटकोनातले हे दोन जोर मिळून सुई १४ अंश वळते. हातोडा दोन विती लांब नेला, तर त्याचा जोर निम्मा नाही, आठव्या हिश्शावर येतो, आणि चूक दोन अंशांच्या आत. म्हणून हातोडा, किल्ल्या असल्या वस्तू हातभर लांब ठेवल्या की भागतं. कपाटाचं, लिफ्टचं किंवा स्लॅबमधल्या सळयांचं तसं नाही. वस्तू मोठी असली की जवळपास तिचा जोर इतक्या झटकन उतरत नाही. आणि हातोडा बरोबर उत्तरेला किंवा दक्षिणेला, सुईच्या रेषेतच असेल, तर सुई वळणारही नाही. फक्त तिचं डुलणं जलद किंवा संथ होईल. सुई सरळ दिसतेय म्हणून आसपास लोखंड नाही, असं समजू नका.

लोखंड म्हणजे सगळे धातू नव्हेत, हेही सांगून टाकतो. भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या हंड्यांच्या राशीत होकायंत्र ठेवलंत, तरी ढिम्म हलणार नाही. राशीखालचा लोखंडी घोडा मात्र हलवेल. अलिबागला १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे, तिच्या बांधकामातही लोखंड टाळलं होतं.

मग चूक पकडायची कशी? मोजणीतली जुनी रीत फार सोपी आहे. अ वरून ब कडे बघितलं, वाचन ६२ अंश. ब वर जाऊन अ कडे बघितलं, तर १८० मिळवून २४२ यायला हवं. आलं २५०. दोघांपैकी कुठेतरी ८ अंशांचा घोळ आहे. तिसरा बिंदू क घ्या. अ वरून क १०५, क वरून अ २८५. फरक बरोबर १८०, तेव्हा अ आणि क स्वच्छ धरायचे. घोळ ब वर आहे, बहुधा शेजारी विजेचा लोखंडी खांब असेल. पण ब वरची वाचनं फेकून द्यायची गरज नाही. त्या जागी सुई एकदाच काय ती वळलेली आहे, तुम्ही कुठेही बघा. ब वरच्या प्रत्येक वाचनातून ८ वजा करा, काम झालं. आपल्याकडे खांब नसला, तरी हे करावं लागतं, कारण डोंगरावरच्या काळ्या पाषाणातच चुंबकीय खनिज असतं.

मघाशी मागून प्रश्न आला, की मोबाइल हवेत इंग्रजी आठसारखा फिरवला की त्याचं होकायंत्र सुधारतं, मग फ्लॅटमध्येही बरोबर उत्तर दाखवेल ना? नाही दाखवणार. फोनमधल्या स्पीकरचा चुंबक फोनबरोबर फिरतो. फोन कसाही वळवला तरी तो चुंबक फोनच्या मानाने एकाच बाजूला राहतो, त्यामुळे त्याचा वाटा हिशेबानं वेगळा काढता येतो. भिंतीतल्या सळया फोनबरोबर फिरत नाहीत, त्या पृथ्वीसारख्याच जागेवर असतात. फोनच्या दृष्टीनं ते सगळं मिळून एकच क्षेत्र, आणि त्याचीच दिशा तो उत्तर म्हणून दाखवतो. त्यासाठी मोकळ्या मैदानात जा, आणि दहा-वीस पावलं सरकून दूरच्या त्याच एका खुणेकडे पुन्हा बघा. पांडवलेण्यांचा डोंगर चालेल, तो लांब असल्यानं त्याची दिशा एवढ्यानं बदलत नाही. वाचन बदललं, तर दोन्हींपैकी एका जागी तरी लोखंड आहे.